साडेचार हजारांचे बिल, खात्यात १०६ रुपये कमी : छोट्या सलूनचे पैसे नेमके कुठे कापले जातात?

क्यूआर फुकट, स्वाइप मशीनला दोन टक्के, रोखीला काहीच खर्च नाही... गल्ल्यावर बसणाऱ्याच्या डोक्यात हे गणित पक्के असते. प्रत्यक्षात या तिन्ही समजुती अर्ध्याच खऱ्या आहेत.

सांगलीच्या विश्रामबागेत तीन खुर्च्यांचे एक फॅमिली सलून आहे, असे समजू. शनिवारी दुपारी एका ग्राहकाने केराटिन करून घेतले. बिल झाले ४,५०० रुपये. ‘ताई, कार्ड चालेल ना?’ असे तिने विचारले, तेव्हा मालकीणबाईंनी स्वाइप मशीन न काढता काउंटरवरचा क्यूआर पुढे केला. क्यूआरला शुल्क नसते, मग मशीन कशाला, हा त्यामागचा साधा हिशेब. साउंडबॉक्सनेही मोठ्या आवाजात ‘चार हजार पाचशे रुपये प्राप्त झाले’ असे सांगितले. दुसऱ्या दिवशी खाते पाहिले तर जमा होते ४,३९३ रुपये ८० पैसे. उरलेले १०६ रुपये २० पैसे कुठे गेले?

कोणी फसवले नव्हते. ग्राहकाने क्यूआर स्कॅन केला खरा, पण पैसे बचत खात्यातून दिले नाहीत. तिच्या यूपीआय ॲपला रुपे क्रेडिट कार्ड जोडलेले होते आणि पैसे त्या कार्डातून आले. रस्ता यूपीआयचा, पैसा क्रेडिट कार्डाचा. सलूनच्या सेवा कंपनीचा दर २ टक्के धरला तर ४,५०० रुपयांवर ९० रुपये शुल्क आणि त्या शुल्कावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १६ रुपये २० पैसे. बेरीज बरोबर १०६ रुपये २० पैसे.

छोट्या दुकानदाराचा सगळा घोळ या एका बिलात दिसतो. शुल्क क्यूआरवर लागते की मशीनवर, हा प्रश्नच मुळात चुकीचा आहे. पैसा ग्राहकाच्या कोणत्या खिशातून निघाला, यावर शुल्क ठरते.

शुल्क ठरते कसे?

दुकानदाराच्या खात्यात पैसे जमा करताना त्यातून जे टक्केवारीने कापले जाते, त्याला एमडीआर, म्हणजे मर्चंट डिस्काउंट रेट म्हणतात. नावात ‘डिस्काउंट’ असले तरी ही सवलत ग्राहकाला मिळत नाही. दुकानदाराला मिळणारी रक्कम तेवढी कमी होते, एवढाच त्याचा अर्थ. या रकमेचे तीन वाटेकरी असतात. ग्राहकाला कार्ड देणारी बँक, व्हिसा, मास्टरकार्ड किंवा रुपेसारखे कार्डाचे जाळे, आणि दुकानात मशीन वा क्यूआर बसवणारी बँक किंवा कंपनी. क्रेडिट कार्डाच्या व्यवहारात मोठा वाटा कार्ड देणाऱ्या बँकेकडे जातो. ग्राहकाला महिनाभराची उधारी आणि रिवॉर्ड पॉइंट मिळतात, त्यांचा खर्च काही प्रमाणात इथून निघतो. थोडक्यात, ग्राहकाच्या पॉइंटांचे पैसे अंशतः सलूनच भरत असते.

बचत किंवा चालू खात्यातून थेट केलेल्या यूपीआय व्यवहारावर मात्र दुकानदाराला एमडीआर नाही. रुपे डेबिट कार्डावरही नाही. १ जानेवारी २०२० पासून केंद्र सरकारने हे दोन्ही मार्ग दुकानदारासाठी शून्य शुल्काचे केले. याचा अर्थ त्यामागची यंत्रणा फुकट चालते असा नाही. छोट्या व्यापाऱ्यांना मिळणाऱ्या २,००० रुपयांपर्यंतच्या यूपीआय व्यवहारांसाठी सरकारने २०२४-२५ या आर्थिक वर्षात ०.१५ टक्के दराने प्रोत्साहन रक्कम ठेवली होती आणि त्या योजनेची तरतूद १,५०० कोटी रुपयांची होती. ते पैसे बँकांना आणि या साखळीतील कंपन्यांना मिळतात, सलूनला नाही. आणि कंपन्यांना टक्केवारी घेता येत नसल्याने त्या दुकानदाराकडून दुसऱ्या वाटेने कमावतात. साउंडबॉक्सचे भाडे ही त्यातली सगळ्यांत ओळखीची वाट.

रुपे सोडून इतर डेबिट कार्डांसाठी रिझर्व्ह बँकेने कमाल दर ठरवून दिला आहे. आधीच्या आर्थिक वर्षात उलाढाल २० लाख रुपयांपर्यंत असलेल्या दुकानदाराकडून मशीनवरील व्यवहाराला ०.४० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. उलाढाल त्याहून मोठी असेल तर ही मर्यादा ०.९० टक्के होते. हे दर १ जानेवारी २०१८ पासून लागू आहेत.

क्रेडिट कार्डाला अशी सरकारी मर्यादा नाही. तो दर दुकानदार आणि सेवा कंपनी यांच्यातील करारावर ठरतो. छोट्या दुकानाला तो बहुधा दीड ते अडीच टक्क्यांच्या दरम्यान सांगितला जातो. परदेशी कार्ड असेल तर तीन टक्क्यांच्या आसपासही जातो. भावताव करायला जागा आहे ती इथेच, आणि बहुतेक सलूनचालक नेमका तो इथे करत नाहीत. प्रतिनिधी जो दर सांगेल तो सरकारी समजून सही होते.

आता पुन्हा सुरुवातीच्या बिलाकडे. रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडण्याची सोय २०२२ मध्ये सुरू झाली. २० लाखांपर्यंत उलाढाल असलेल्या छोट्या व्यापाऱ्याला यात एक सूट आहे : २,००० रुपयांपर्यंतच्या व्यवहारावर एमडीआर नाही. म्हणजे त्याच ग्राहकाने ८०० रुपयांचे फेशियल त्याच कार्डाने, त्याच क्यूआरवर केले असते तर पूर्ण ८०० जमा झाले असते. २,००० च्या वर गेले की क्रेडिट कार्डाचा दर लागू होतो. असाच प्रकार ॲपमधील वॉलेटचा आहे. वॉलेटमध्ये आधी भरून ठेवलेल्या पैशातून २,००० रुपयांहून मोठा यूपीआय व्यवहार झाला, तर त्या व्यवहारावर १.१ टक्क्यापर्यंतचे आंतरबँक शुल्क एप्रिल २०२३ पासून लागू आहे. दाढी-कटिंगच्या दुकानाला याची झळ सहसा लागत नाही. ज्या सलूनमध्ये स्ट्रेटनिंग, केराटिन, नवरीचा मेकअप होतो, त्याला मात्र लागते.

यावर काही जण शक्कल काढतात : ४,५०० चे बिल तीन वेळा दीड-दीड हजारांत स्कॅन करून घ्यायचे. एकाच बिलाचे तुकडे करण्यास सेवा कंपन्यांच्या बहुतेक करारांत मनाई असते आणि एकाच ग्राहकाचे लागोपाठ तीन समान व्यवहार यंत्रणेला लगेच दिसतात. सव्वाशे रुपयांच्या आत असलेल्या रकमेसाठी क्यूआर बंद पडण्याचा धोका घेण्यात शहाणपणा नाही.

एका महिन्याचा हिशेब

याच सलूनचा एक सर्वसाधारण महिना घेऊ. उलाढाल १ लाख ४० हजार रुपये. त्यात बँक खात्यातून आलेले यूपीआय ८४ हजार, रोख ३५ हजार आणि मशीनवरची कार्डे २१ हजार. या २१ हजारांत ३ हजार रुपे डेबिट कार्डाचे, ६ हजार इतर डेबिट कार्डांचे आणि १२ हजार क्रेडिट कार्डांचे आहेत. क्रेडिट कार्डांपैकी दोन बिले ४,५०० रुपयांची, बाकीची सगळी २,००० च्या आतली. डेबिट कार्डांची बिलेही लहानच. मशीनचे भाडे महिना ४०० रुपये आणि साउंडबॉक्सचे १०० रुपये धरले आहे; दोन्हींवर १८ टक्के जीएसटी. प्रत्यक्षातले भाडे कंपनीगणिक वेगळे असते. आपला आकडा इथे घालून पाहता येईल.

यूपीआयच्या ८४ हजारांवर कपात शून्य. रुपे डेबिटच्या ३ हजारांवरही शून्य. इतर डेबिट कार्डांच्या ६ हजारांवर ०.४० टक्क्याने २४ रुपये. क्रेडिट कार्डांच्या १२ हजारांवर २ टक्क्यांनी २४० रुपये.

शुल्कावरच्या जीएसटीत एक बारीक पण फायद्याची गोष्ट आहे. २,००० रुपयांपर्यंतचा कार्ड व्यवहार असेल, तर त्यावरच्या शुल्काला जीएसटी माफ आहे. म्हणून १८ टक्के कर फक्त त्या दोन मोठ्या बिलांच्या १८० रुपये शुल्कावर लागेल. तो होतो ३२ रुपये ४० पैसे. टक्केवारीने कापलेली एकूण रक्कम झाली २९६ रुपये ४० पैसे.

त्यात मशीनचे भाडे करासह ४७२ रुपये आणि साउंडबॉक्सचे ११८ रुपये मिळवा. महिन्याचा एकूण खर्च ८८६ रुपये ४० पैसे.

सगळ्या उलाढालीच्या मानाने हा खर्च पाऊण टक्काही नाही. पण तो कुठून येतो ते पाहिले की चित्र बदलते. कार्डांवर आलेल्या २१ हजारांसाठी सलूनने २९६ रुपये टक्केवारी आणि ४७२ रुपये भाडे मोजले. म्हणजे कार्डाने आलेला प्रत्येक शंभर रुपया सुमारे ३ रुपये ६६ पैशांना पडला. प्रतिनिधीने सांगितलेला दर २ टक्केच होता आणि त्यात तो खोटे बोलला नव्हता. भाड्याची टक्केवारी त्याने काढून दाखवली नाही, इतकेच. ८४ हजार रुपये आणणाऱ्या क्यूआरचा खर्च मात्र साउंडबॉक्ससकट शंभराला १४ पैसे आहे.

श्रावणातले मशीन

सलूनचा धंदा वर्षभर सारखा चालत नाही, आणि भाड्याचे गणित इथेच फिसकटते. लग्नसराईत नवरीचे पॅकेज, करवल्यांचे मेकअप, नवरदेवाचे फेशियल अशी मोठी बिले होतात. समजा त्या महिन्यात कार्डांवर ६० हजार रुपये आले. तेव्हा ४७२ रुपये भाड्याचा बोजा शंभराला ७९ पैसे पडतो. श्रावणात अनेक पुरुष दाढी-कटिंगलाच येत नाहीत, पितृपक्षात मोठ्या बिलांची कामे थांबतात. त्या महिन्यात कार्डांवर ५ हजारच आले, तर तेच भाडे साडेनऊ टक्क्यांच्या जवळ जाते. मशीन वापरले नाही तरी भाडे जातेच. काही करारांत ठरावीक रकमेपेक्षा कमी व्यवहार झाले तर भाडे वाढते.

मग मशीन परत करावे का? हिशेब करून पाहू. त्या दोन मोठ्या बिलांसाठी मशीनऐवजी पेमेंट लिंक वापरली, किंवा दुकानदाराच्याच मोबाइलवर कार्ड टेकवून पैसे घेणारे ॲप वापरले, तर २ टक्के आणि जीएसटी मिळून २१२ रुपये ४० पैसे जातील, पण वेगळ्या मशीनचे भाडे वाचेल. अशा ॲपला मासिक शुल्क आहे का, ते मात्र आधी विचारून घ्यायला हवे. लहान बिलांची १२ हजारांची कार्डे क्यूआरवर वळली, तर त्यांना शुल्क नाही. साउंडबॉक्स धरून खर्च ३३० रुपये ४० पैशांवर येतो. महिन्याला ५५६ रुपयांची बचत.

ही बचत खरी आहे, पण तिच्यात एक गृहीत लपलेले आहे : कार्ड घेऊन आलेला प्रत्येक ग्राहक निमूटपणे दुसरा मार्ग स्वीकारेल. साडेचार हजारांच्या बिलातून माल आणि कारागिराचे पैसे वजा जाता सलूनला १,८०० रुपये उरतात असे धरले, तर असा एक ग्राहक ‘कार्ड चालत नाही’ म्हणून परत गेला की तीन महिन्यांची बचत एका दुपारी संपते. म्हणून निर्णय आपल्या ग्राहकावरून व्हायला हवा. आयटी पार्कजवळच्या सलूनला मशीन लागेल. एसटी स्टँडासमोरच्या दोन खुर्च्यांच्या दुकानाला ते बहुधा शोभेपुरतेच असते. संशय असेल तर एक महिना वहीत नोंद ठेवावी : किती जणांनी कार्ड विचारले, त्यातल्या किती जणांकडे फोनवर यूपीआय होते आणि किती जण खरोखर अडले. शेवटचा आकडाच महत्त्वाचा.

रोख फुकट असते का?

‘रोख दिले तर वीस रुपये कमी,’ अशी पाटी किंवा तोंडी सवलत अनेक ठिकाणी दिसते. १५० रुपयांच्या कटिंगवर २० रुपये सोडणे म्हणजे तेरा टक्क्यांहून अधिक सवलत. आणि ती कशासाठी, तर जो यूपीआय व्यवहार शून्य शुल्काचा आहे तो टाळण्यासाठी! शुल्क वाचवण्याचा यापेक्षा महाग मार्ग सापडणे कठीण.

रोखीचा खरा फायदा वेगळा आहे. सलूनचे रोजचे बरेच खर्च रोखीतच असतात : ब्लेडची पाकिटे, टॉवेल धुणारा, चहावाला, कारागिराची उचल. गल्ल्यात आलेली रोख तिथूनच बाहेर जात असेल, तर ती बँकेत भरण्याचा खर्च पडत नाही. ३५ हजारांपैकी २५ हजार असे खर्च होत असतील तर रोख स्वस्त आहे. पण हीच रोख साठून बँकेत भरायची झाली तर चालू खात्याला मोफत रोख भरण्याची मर्यादा असते, त्यापुढे बँका शुल्क लावतात. शिवाय भरायला जाणाऱ्याचा अर्धा दिवस आणि रिकामी खुर्ची यांचा हिशेब कुठल्याच पासबुकात दिसत नाही. सुट्ट्यांची बोंब तर आहेच. ६० रुपयांच्या दाढीला पाचशेची नोट आली की शेजारच्या किराणा दुकानात पळावे लागते.

रोख आणि डिजिटल यांत प्राप्तिकराच्या अंगानेही थोडा फरक आहे. छोट्या व्यावसायिकांच्या अनुमानित उत्पन्न योजनेत रोख उलाढालीच्या किमान ८ टक्के, तर बँकेमार्फत आलेल्या उलाढालीच्या किमान ६ टक्के उत्पन्न धरले जाते. वर्षाला ४ लाख २० हजार रोख असेल तर फरक ८,४०० रुपये उत्पन्नाचा पडतो. हा फरक उत्पन्नातला आहे, कर तेवढा वाढत नाही, आणि प्रत्यक्ष नफा जास्त असेल तर तो जास्तच दाखवायचा असतो. केवळ एवढ्यासाठी कोणी रोख नाकारावी असे काही नाही.

क्यूआर काढला की जीएसटी टळतो?

जुलै २०२५ मध्ये कर्नाटकात यूपीआयच्या नोंदींवरून छोट्या विक्रेत्यांना व्यावसायिक कर विभागाच्या नोटिसा गेल्या आणि बेंगळुरूत अनेक दुकानांवरचे क्यूआर उतरले. त्याच्या बातम्या आणि व्हॉट्सॲपवरचे निरोप महाराष्ट्रातल्या दुकानदारांपर्यंतही आले. ‘यूपीआय घेतले की जीएसटी लागतो’ ही समजूत तेव्हापासून अधिक घट्ट झाली.

नियम तसा नाही. सेवा देणाऱ्या व्यावसायिकाला वर्षाची एकूण उलाढाल २० लाखांपुढे गेली की जीएसटी नोंदणी घ्यावी लागते. त्या २० लाखांत यूपीआय, कार्ड आणि रोख सगळे मोजायचे असते. पैसे कोणत्या मार्गाने आले याने मर्यादा बदलत नाही. आपल्या उदाहरणातले सलून १ लाख ४० हजारांच्या हिशेबाने वर्षाला १६ लाख ८० हजारांवर आहे. महिन्याची सरासरी १ लाख ६६ हजारांपुढे गेली की ते रेषा ओलांडेल, आणि दोन चांगल्या लग्नसराया ते करू शकतात.

रेषा ओलांडली की काय होते? २२ सप्टेंबर २०२५ पासून सलूनच्या सेवांवर जीएसटी १८ वरून ५ टक्क्यांवर आला. त्याबरोबर खरेदीवर भरलेल्या कराची वजावट मात्र मिळत नाही. म्हणजे मशीनच्या भाड्यावर आणि कार्डाच्या शुल्कावर जो १८ टक्के जीएसटी कापला जातो तो परत मिळवता येत नाही. तो खर्चातच धरायचा. आणि डेबिट कार्डाची ०.४० टक्क्याची सवलतही याच २० लाखांच्या रेषेपाशी संपते.

नोटिसांच्या प्रकरणातून घेण्यासारखी गोष्ट दुसरीच आहे. अनेक छोटे दुकानदार स्वतःच्या वैयक्तिक यूपीआय क्रमांकाचाच क्यूआर काउंटरवर चिकटवतात. त्याच खात्यात भावाने पाठवलेले पैसे येतात, भिशीचे येतात, मित्राने परत केलेले उसने येतात. बाहेरून पाहणाऱ्याला ती सगळी उलाढाल वाटते आणि ती तशी नाही हे सिद्ध करण्याची वेळ दुकानदारावर येते. धंद्याचे खाते आणि व्यापारी क्यूआर वेगळा ठेवला तर हा प्रश्न उद्भवत नाही. वैयक्तिक क्यूआरवर रुपे क्रेडिट कार्डाने पैसे देताही येत नाहीत. ग्राहकाला फोनवर नकाराचा संदेश दिसतो आणि ‘तुमचा क्यूआर चालत नाही’ असे म्हणून तो दुसरे कार्ड पुढे करतो.

कपात बरोबर आहे का, हे कसे ओळखायचे?

साउंडबॉक्स ग्राहकाने दिलेली पूर्ण रक्कम बोलतो, खात्यात येणारी नव्हे. त्यामुळे आवाजावर हिशेब ठेवणाऱ्याला कपात कधी कळतच नाही. ती कळते सेवा कंपनीच्या ॲपमधील सेटलमेंटच्या विवरणात. तिथे प्रत्येक व्यवहारापुढे मूळ रक्कम, शुल्क, शुल्कावरचा कर आणि जमा झालेली रक्कम असे रकाने असतात. महिन्यातून एक दिवस निवडून ते वहीशी ताडून पाहिले तरी पुरते.

पाहायचे एवढेच : कापलेल्या शुल्काला मूळ रकमेने भागून शंभरने गुणायचे. १,००० रुपयांच्या डेबिट कार्ड व्यवहारावर ४ रुपये गेले असतील तर ०.४० टक्के, ठीक आहे. ९ रुपये गेले असतील तर कंपनीने सलूनला मोठ्या व्यापाऱ्यांच्या गटात टाकले आहे. फॉर्म भरताना उलाढालीच्या रकान्यात प्रतिनिधीने घाईत काहीही टाकले की असे होते. गेल्या वर्षीची उलाढाल लेखी कळवून गट बदलून घेता येतो. रुपे डेबिट कार्डावर किंवा बँक खात्यातून आलेल्या यूपीआयवर एक रुपयाही शुल्क दिसले तर तक्रार करायलाच हवी. २,००० च्या आतल्या कार्ड व्यवहाराच्या शुल्कावर जीएसटी दिसला तरी तसेच. आधी बँकेकडे लेखी तक्रार करावी आणि तिचा क्रमांक जपून ठेवावा. बँकेने ३० दिवसांत दाद दिली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या cms.rbi.org.in या संकेतस्थळावर लोकपालाकडे जाता येते.

कधी कधी शुल्क नसतेच, तरी पैसे कमी येतात. क्यूआर देणाऱ्या काही कंपन्या दुकानदाराला कर्ज मिळवून देतात आणि त्याचा हप्ता रोजच्या जमेतून कापला जातो. दिवसाला तीनशे-चारशे रुपये कमी येत असतील, तर एमडीआरला दोष देण्याआधी ॲपमध्ये चालू कर्ज आहे का ते पाहावे. अनेकदा ते कारागिराने किंवा मुलाने ॲपमधली सूचना दाबून सुरू केलेले निघते. पैसे लगेच हवे म्हणून ‘तत्काळ सेटलमेंट’ सुरू केले असेल तर त्याचेही वेगळे शुल्क असू शकते. कार्डाचे पैसे एरवी दुसऱ्या कामकाजी दिवशी येतातच.

हा खर्च ग्राहकाकडून वसूल करता येईल का, हा प्रश्न दर लग्नसराईत येतो. डेबिट कार्डाबाबत उत्तर स्पष्ट नाही असे आहे. दुकानदाराने एमडीआर ग्राहकावर टाकू नये, याची काळजी घेण्यास रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगितले आहे. क्रेडिट कार्डावर ‘दोन टक्के जास्त लागतील’ असे सर्रास म्हटले जाते, पण त्यालाही सेवा कंपनीशी केलेल्या करारात बहुधा मनाई असते आणि ग्राहकाने तक्रार केली तर मशीन जाऊ शकते. त्यापेक्षा मोठ्या पॅकेजचा दर ठरवतानाच हा खर्च धरणे सोपे. ४,५०० च्या केराटिनवर १०६ रुपये जाणार असतील, तर दरपत्रकात ४,६०० लिहिले की प्रश्न मिटतो आणि रोखीने देणाऱ्या नेहमीच्या गिऱ्हाइकाला शंभर रुपये सोडायलाही जागा राहते.

पुढच्या वेळी नव्या मशीनचा प्रतिनिधी दुकानात आला, की क्रेडिट कार्डाचा दर विचारून थांबू नये. भाडे किती, ते करासह किती, व्यवहार कमी झाले तर वाढते का, आणि श्रावणात दोन महिने मशीन परत द्यायचे म्हटले तर चालेल का, हे चार प्रश्न विचारावेत. उत्तरे त्याच्याकडून व्हॉट्सॲपवर लिहून घ्यावीत. शेवटच्या प्रश्नाला तो बहुधा ‘वर्षभर ठेवावेच लागेल’ असे म्हणेल. तेव्हा ४७२ गुणिले १२, म्हणजे ५,६६४ रुपये हा आकडा समोर ठेवून मगच सही करावी.